वडिलांच्या मृत्युपत्राला आव्हान देताना आरोप कोणता लिहावा?

प्रश्न: माझे वडील मार्च २०२५ मध्ये ८२व्या वर्षी गेले. ते निवृत्त शिक्षक होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळायला लागलं. तेव्हापासून ते आणि आई पुण्यात धाकट्या भावाकडे राहत होते. आता त्या भावाने ऑगस्ट २०२४ चं नोंदणी केलेलं मृत्युपत्र पुढे केलं आहे. पुण्याचा फ्लॅट आणि पुरंदर तालुक्यातली चार एकर जमीन, सगळं त्याला. मोठ्या भावाला आणि मला काही नाही, आईचा तर उल्लेखच नाही. जमीन मूळची आजोबांची, ते १९५१ मध्ये वारले. मृत्युपत्रावरची सही वेडीवाकडी आहे, वडिलांची वाटत नाही. डॉक्टरचा दाखला जोडलेला आहे. तलाठ्याची नोटीस आली आहे. दबाव, खोटी सही आणि मन ठिकाणावर नसणं, हे तिन्ही मुद्दे लिहावेत का?

उत्तर: तिन्ही एकाच जोरात लिहू नका. सही वडिलांची नाहीच म्हटलं, तर दबाव कुणावर आला? आणि दबावाखाली सही केली म्हटलं, तर सही त्यांचीच हे तुम्हीच कबूल केलं. कायद्याने पर्यायी मुद्दे घेता येतात, पण उलटतपासणीत तुम्हाला पहिलाच प्रश्न हा येईल की यातलं नेमकं खरं काय. तिथे अडखळलात की चांगला मुद्दाही वाया जातो.

त्याआधी पुराव्याचा भार कुणावर आहे ते समजून घ्या, कारण अशा दाव्यांचा निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो. जो मृत्युपत्र पुढे करतो त्यानेच ते सिद्ध करायचं असतं. सही वडिलांची आहे, दोन साक्षीदारांनी कायद्यात सांगितल्याप्रमाणे साक्षांकन केलं, त्या वेळी वडिलांना आपण काय करतो आहोत हे कळत होतं, हे सगळं भावाने दाखवायचं. शिवाय मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर न्यायालयाच्या मनातला तो संशय दूर करणंही त्याच्याच अंगावर. सर्वोच्च न्यायालयाने हे १९५९ मध्ये व्यंकटाचल अय्यंगार विरुद्ध तिम्मजम्मा या निकालात सांगितलं आणि आजही सगळे त्यावरच चालतात. मात्र दबाव, फसवणूक किंवा जबरदस्ती असा आरोप तुम्ही केला, तर तेवढ्यापुरता भार तुमच्यावर येतो. नुसतं "दबाव आणला" लिहून भागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम ४ प्रमाणे कुणी, कधी, कसा दबाव आणला याचा तपशील दाव्यातच द्यावा लागतो.

आता गंमत बघा. समजा, भाऊ वडिलांना गाडीतून नोंदणी कार्यालयात घेऊन गेला, मसुदा त्याच्याच ओळखीच्या वकिलाने केला, साक्षीदार त्याचेच मित्र, आणि सगळी मिळकतही त्यालाच. याच गोष्टी तुम्ही "दबाव" म्हणून मांडल्या तर सिद्ध तुम्ही करायच्या. याच गोष्टी "संशयास्पद परिस्थिती" म्हणून मांडल्या तर खुलासा त्याने द्यायचा. लाभ घेणाऱ्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला, हा न्यायालयांनी वारंवार मान्य केलेला संशयाचा मुद्दा आहे. म्हणून तुमच्या दाव्याचा कणा असा हवा: कथित मृत्युपत्र कायद्याप्रमाणे केलेलं व साक्षांकित झालेलं नाही, आणि ते करतेवेळी वडिलांची आकलनक्षमता शाबूत नव्हती. त्यामागोमाग संशयाच्या गोष्टी एकेक करून, तारखेनिशी. दबाव हा पर्यायी मुद्दा, तोही हातात ठोस काही असेल तरच. सहीबद्दल पुढे सांगतो, तिथे तुम्ही चुकीच्या टोकाला धरलं आहे असं मला वाटतं.

आधी जमीन तपासा

मृत्युपत्र पाडण्याच्या नादात लोक हे विसरतात की माणूस फक्त स्वतःचा हिस्साच मृत्युपत्राने देऊ शकतो. आजोबा १९५१ मध्ये, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ रोजी लागू होण्याआधी वारले. त्यांच्याकडून तेव्हा वडिलांकडे आलेली जमीन वडिलांच्या हातात वडिलोपार्जित ठरते, आणि तिच्यात मुलांचा जन्मतः हक्क असतो. २००५ ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा विनीता शर्मा निकाल यांमुळे मुलीचाही तेवढाच.

हिशोब करून पाहू. वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटप झालं असं कायदा गृहीत धरतो. वडील, आई आणि तुम्ही तीन भावंडं, असे पाच समान हिस्से. चार एकर म्हणजे १६० गुंठे, प्रत्येकी ३२ गुंठे. मृत्युपत्र शंभर टक्के खरं ठरलं तरी भावाला त्यातून मिळतात ते फक्त वडिलांचे ३२ गुंठे. तुमचे ३२, मोठ्या भावाचे ३२ आणि आईचे ३२ मृत्युपत्राच्या बाहेर आहेत. मृत्युपत्र पडलं तर वडिलांचे ३२ गुंठे चौघांत वाटले जातील, प्रत्येकी ८, म्हणजे तुमचे ४०. जमिनीपुरता मृत्युपत्राचा वाद तुमच्यासाठी ८ गुंठ्यांचा आहे. खरी लढाई फ्लॅटची. तो वडिलांनी स्वतःच्या पैशाने घेतला असेल तर तो पूर्णपणे मृत्युपत्राने देता येतो, आणि मृत्युपत्र पडलं तरच आई व तीन मुलं असा प्रत्येकी चौथा हिस्सा होतो.

यासाठी १९५१-५२ चा वारस फेरफार आणि जुने सातबारा काढा. वडील तेव्हा आठ-नऊ वर्षांचे असणार, तेव्हा नावापुढे "अ. पा. क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता अशी नोंद सापडण्याची शक्यता आहे. ती मिळाली तर जमीन वारसाने आली याचा चांगला पुरावा होतो. मात्र त्याच जमिनीवर नंतर कूळकायद्याने वडिलांच्या नावे खरेदीचं प्रमाणपत्र निघालेलं दिसलं, तर भाऊ ती स्वकष्टार्जित म्हणेल. अशा वेळी मूळ कूळ आजोबा होते का, हे शोधावं लागेल.

नोटिशीला उत्तर

तलाठ्याची, आताच्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याची, नोटीस म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० खालची फेरफाराची नोटीस. हरकतीला १५ दिवस असतात. लेखी हरकत द्या, तुमच्या प्रतीवर पोच घ्या. मजकूर छोटा ठेवा: मृत्युपत्र मान्य नाही, जमीन वडिलोपार्जित आहे, सर्व वारसांची नावं लावावीत, दिवाणी दावा दाखल करत आहोत. हरकत आली की नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि मंडळ अधिकाऱ्यासमोर सुनावणी होते. तिथे सही खोटी की खरी यावर भांडत बसू नका. मृत्युपत्र वैध आहे की नाही हे महसूल अधिकारी ठरवू शकत नाही, ते दिवाणी न्यायालयाचं काम. फेरफाराने मालकीही ठरत नाही. पण भावाचं एकट्याचं नाव सातबाऱ्यावर चढलं की गिऱ्हाईक शोधणं त्याला सोपं जातं, म्हणून हरकत चुकवायची नाही.

सोसायटीलाही तसंच पत्र द्या. आणि आई किंवा मोठा भाऊ यांनी "सोसायटीच्या फॉर्मॅलिटीसाठी" म्हणून समोर आलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नये. संमतीपत्र, ना-हरकत, हक्कसोडपत्र, या कागदांनी जितके दावे मेले आहेत तितके मृत्युपत्रांनी नाही मेले. आई भावाकडेच राहते, म्हणून हे आधी तिला समजावून सांगा.

नोंदणी कार्यालयातून काय काढायचं

नोंदणीमुळे मृत्युपत्र पक्कं होत नाही. संशयास्पद परिस्थिती असेल तर नुसत्या नोंदणीने ती पुसली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. पण नोंदणीमुळे तुमच्यासाठी कागद तयार झाले आहेत. मृत्युपत्राची नोंद पुस्तक क्रमांक ३ मध्ये होते. मृत्युपत्रकर्ता हयात असेपर्यंत त्याची नक्कल इतरांना मिळत नाही, मृत्यूनंतर कुणीही अर्ज करून घेऊ शकतो. मृत्यूचा दाखला जोडून दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल घ्या. भावाने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका, तिच्यात शेवटची पानं हमखास नसतात.

तीच शेवटची पानं कामाची. तिथे वडिलांचा नोंदणीच्या वेळी काढलेला फोटो, अंगठ्याचा ठसा, ओळख देणाऱ्यांची नावं, आणि सादरीकरण, फी, कबुली, ओळख या टप्प्यांच्या वेळा सेकंदापर्यंत छापलेल्या असतात. फोटोत तोंड एका बाजूला झुकलेलं आहे का, ठसा कोणत्या हाताचा, सादरीकरण ते कबुली यात किती मिनिटं गेली, हे पाहा. बोलणं अडखळणाऱ्या ८२ वर्षांच्या माणसाला चार पानं वाचून दाखवून, समजावून, कबुली घेतली असं साक्षीदार म्हणाला आणि दोन शिक्क्यांत दोन मिनिटांचं अंतर निघालं, तर त्या साक्षीदाराची सगळी साक्ष हलते. उलट नोंदणी घरी येऊन झाली असेल तर तो अर्ज कुणी दिला, कारण काय लिहिलं, हेही मागवा. "आजारपणामुळे कार्यालयात येऊ शकत नाहीत" असं अर्जात आणि "मी शारीरिक व मानसिकदृष्ट्या पूर्ण सुदृढ आहे" असं मृत्युपत्रात, हा विरोधाभास फार वेळा सापडतो.

मृत्युपत्राचा मजकूरही याच नजरेने वाचा. उजवा हात लुळा झालेला माणूस स्वतःला शारीरिकदृष्ट्या पूर्ण सुदृढ म्हणतो तेव्हा तो मजकूर त्याने सांगितलेला नसून तयार नमुन्यातून उतरवलेला आहे असं म्हणायला जागा होते. गट नंबर चुकलाय का, नातवंडांची नावं बरोबर आहेत का, जन्मभर शिक्षकी केलेल्या माणसाच्या कागदात त्याच्या भाषेचा एक तरी शब्द आहे का? आणि पत्नीचं नावही नसणं हा तुमचा सर्वांत जड मुद्दा. मुलांना वगळलं, एवढ्याने संशय ठरत नाही, वारसांचा नेहमीचा क्रम बदलण्यासाठीच तर मृत्युपत्र करतात. पण शेवटपर्यंत सोबत राहिलेल्या पत्नीच्या निवाऱ्याचीही सोय नाही आणि त्याचं कारणही नाही, याचा खुलासा भावाला द्यावाच लागेल.

सही: वाकडी असणं तुमच्या बाजूचं नाही

झटक्याने उजवी बाजू गेली आणि वडील उजव्या हाताने लिहीत असतील, तर सही वाकडी होणं हेच नैसर्गिक. तशी सही पाहून हस्ताक्षरतज्ज्ञ बहुधा "आजारपणामुळे झालेला बदल" असं लिहील, आणि तुम्ही खोटेपणावर सगळा दावा रचला असेल तर तो तिथेच कोसळेल. अर्धांगानंतरच्या मृत्युपत्रावर एकसंध, वेगवान, २०१० च्या पासबुकासारखी सही सापडली असती तर मी उलट म्हटलं असतं.

तपासायचंच असेल तर तुलना त्याच काळातल्या निर्विवाद सह्यांशी करा. वडील निवृत्तिवेतनधारक होते, म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये बँकेत हयातीसाठी सही किंवा अंगठा दिलेला असणार, मृत्युपत्रानंतर तीनच महिन्यांनी. झटक्यानंतरच्या पैसे काढायच्या स्लिपा, चेक, केवायसी फॉर्म हेही बघा. बँकेने या काळात सही जुळत नाही म्हणून अंगठा घ्यायला सुरुवात केली असेल आणि मृत्युपत्रावर मात्र सही असेल, तर तो खरा प्रश्न आहे. डाव्या हाताने सही करत होते का, हेही यातूनच कळतं.

तज्ज्ञाला मूळ कागद लागतो. शाईचा दाब, पेन कुठे उचललं, रेषा पुन्हा गिरवली का, हे झेरॉक्सवर कळत नाही, आणि झेरॉक्सवरून दिलेलं मत उलटतपासणीत टिकत नाही. म्हणून दावा दाखल होताच मूळ मृत्युपत्र न्यायालयात जमा करून घेण्याचा अर्ज द्या. त्यानंतर तपासणीसाठी न्यायालयाचा आयुक्त नेमण्याची मागणी करता येते, किंवा पुण्यातल्या सीआयडीच्या हस्ताक्षर तपासणी विभागाकडे कागद पाठवण्याची. पण तज्ज्ञाचं मत हा मदतीचा पुरावा आहे. ज्यांच्यासमोर सही झाली असं म्हणतात ते साक्षीदार विश्वासार्ह ठरले तर न्यायालय सहसा तज्ज्ञापेक्षा त्यांच्याकडे झुकतं. अंगठ्याच्या ठशाचं तसं नाही, तो जुळतो किंवा जुळत नाही. नोंदणीचा ठसा आणि फोटो वडिलांचाच असेल तर "सही दुसऱ्याने केली" हा मुद्दा जवळजवळ सोडून द्या. पोलिसांत बनावट मृत्युपत्राची तक्रार करण्याची घाईही करू नका. तो गंभीर गुन्हा आहे, पण तुमची ती तक्रार नंतर "सही खोटीच" या भूमिकेला तुम्हाला कायमचं बांधून ठेवते.

मनाची अवस्था

इथे तुमचा दावा उभा राहू शकतो. भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ५९ वेड शोधत नाही. आजारपणामुळे आपण काय करतो आहोत हे कळत नसेल अशा अवस्थेत मृत्युपत्र करता येत नाही, एवढंच ते म्हणतं. न्यायालय तीन गोष्टी पाहतं: मृत्युपत्र म्हणजे काय हे कळत होतं का, आपली मिळकत किती हे माहीत होतं का, आणि कुणाकुणाचा आपल्यावर हक्क आहे हे लक्षात घेता येत होतं का. हे त्या दिवशी, त्या वेळी. आधी गोंधळलेला आणि मधल्या काळात शुद्धीवर असलेला माणूस मृत्युपत्र करू शकतो. वय, अर्धांग, अंथरुणाला खिळणं यातलं काहीही एकटं पुरत नाही.

उजवी बाजू गेली म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली, आणि बहुतेकांची भाषा त्याच बाजूला असते. म्हणून नुसतं "बोलणं अडखळायचं" एवढ्यावर थांबू नका. यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. जीभ-ओठ नीट हलत नाहीत, उच्चार बोबडा होतो, पण समोरच्याचं सगळं कळतं, ही एक. शब्दांचा अर्थच लागत नाही, सांगितलेलं समजत नाही, "हो" आणि "नाही" उलटसुलट होतात, ही दुसरी. पहिलीत वडील मृत्युपत्र करण्यास पूर्ण सक्षम होते. दुसरीत "वाचून दाखवलं आणि त्यांनी मान हलवली" या साक्षीला काही किंमत उरत नाही.

हा फरक डिस्चार्ज कार्डपेक्षा स्पीच थेरपिस्टच्या नोंदींत नीट सापडतो. किती पायऱ्यांची सूचना पाळता येते, वस्तूचं नाव सांगता येतं का, दर भेटीत काय सुधारलं, हे ते लिहून ठेवतात. सोबत एमआरआय, न्यूरोलॉजिस्टचे ओपीडी कागद, औषधांच्या चिठ्ठ्या. डोनेपेझिल किंवा मेमँटिन ही औषधं चालू असतील तर डॉक्टरने स्मृतिभ्रंश धरून उपचार केले होते का, हे त्याला विचारता येतं. मिनी मेंटल चाचणीचा गुण कुठे लिहिलेला असेल तर घ्या. ती ३० गुणांची असते आणि साधारण २४ च्या खाली शंका घेतात. मात्र ज्याला बोलताच येत नाही त्याचे गुण बुद्धी शाबूत असूनही कमी येतात, आणि पलीकडचा वकील हे विचारणारच. महत्त्वाची ती ऑगस्ट २०२४ च्या मागची-पुढची दोन-तीन महिन्यांची नोंद. नोव्हेंबर २०२३ ची अवस्था कितीही वाईट असली तरी नऊ महिन्यांत माणूस सुधारतो.

घाई याचसाठी करा. वैद्यकीय परिषदेच्या नियमांत डॉक्टरांवर नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवण्याचंच बंधन आहे. आजच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. "तुम्ही रुग्ण नाही" म्हणून रुग्णालय नाकारू शकतं. नाकारलं तरी अर्जाची पोच कामी येते, आणि दाव्यात समन्स काढून तेच कागद मागवता येतात.

डॉक्टरच्या दाखल्याला घाबरू नका. तो डॉक्टर वडिलांवर उपचार करणारा होता का? न्यूरोलॉजिस्ट असताना दाखला दुसऱ्याच गल्लीतल्या दवाखान्याचा का? त्याने काय तपासलं, केसपेपर आहे का, दाखला मृत्युपत्राच्याच दिवशीचा की आदल्या आठवड्यातला? डॉक्टर साक्षीला आलाच नाही तर त्या कागदाचं वजन फारसं राहत नाही. पण दाखला उपचार करणाऱ्या न्यूरोलॉजिस्टचाच असेल, त्यात "वेळ-काळाचं भान आहे, सूचना कळतात" अशी तपासणी लिहिलेली असेल आणि तो साक्षीला उभा राहिला, तर आकलनक्षमतेचा मुद्दा जवळपास संपला असं समजा आणि तडजोडीचा विचार करा.

साक्षीदार, आणि न विचारायचा प्रश्न

भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने वडिलांना सही करताना पाहिलेलं हवं, किंवा "ही माझी सही" अशी कबुली त्यांच्याकडून प्रत्यक्ष ऐकलेली हवी, आणि प्रत्येकाने वडिलांच्या समोर स्वतःची सही केलेली हवी. दोघे एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं नाही. मृत्युपत्र नोंदलेलं असो वा नसो, साक्षीदार हयात असेल तर किमान एकाला न्यायालयात आणावंच लागतं. भाऊ बहुधा एकालाच आणेल. त्या एकाने दोघांचंही साक्षांकन सिद्ध केलं पाहिजे. जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, २००२ च्या डिसेंबरमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मृत्युपत्र नेमकं इथे फेटाळलं. तपासलेल्या साक्षीदाराने दुसऱ्याच्या साक्षांकनाबद्दल सांगितलंच नाही, आणि दुसरा हयात असून त्याला बोलावलं नाही.

म्हणून साक्षीदाराचं सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र हाती आलं की पेन्सिल घेऊन बसा. वडिलांची सही पाहिली, माझी सही त्यांच्यासमोर, दुसऱ्याने वडिलांची सही पाहिली, दुसऱ्याची सही वडिलांसमोर. या चारांपैकी एखादी गोष्ट राहून गेली असेल, तर उलटतपासणीत तिच्या जवळपासही जाऊ नका. "दुसरा साक्षीदार तेव्हा तिथे होता का?" असा एक उत्साही प्रश्न आणि साक्षीदार म्हणणार, "हो साहेब, त्यानेही बाबांसमोरच सही केली." पलीकडचं भोक तुमच्याच वकिलाने बुजवलं. हे रोज घडतं. तुमच्या वकिलाशी या एका मुद्द्यावर आधी बोलून घ्या.

बाकी प्रश्न भरपूर विचारा. तुम्हाला फोन कुणी केला, वडिलांना आधी कधी भेटला होता, ते कोणत्या हाताने सही करत होते, खुर्चीत होते की व्हीलचेअरवर, मजकूर कुणी वाचला, वडील काय बोलले, किती वेळ लागला. दुसऱ्या साक्षीदारालाही आणलं तर हेच प्रश्न त्याच क्रमाने. खोटं पाठ केलेलं असतं ते मुख्य घटनेपुरतं, कोणत्या हाताने सही केली याचं उत्तर कुणी पढवलेलं नसतं.

दावा कुठे आणि कसा

मिळकत पुणे जिल्ह्यात आहे, म्हणून मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता घेण्याच्या, म्हणजे प्रोबेटच्या, कारवाईची वाट न पाहता पुण्याच्या दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे वाटपाचा दावा करा. दोन्ही मिळकती एकाच दाव्यात येतात. वाटप आणि वेगळा कब्जा, मृत्युपत्र तुमच्यावर बंधनकारक नाही असा ठराव, आणि फ्लॅट-जमीन विकण्यास मनाई, या तिन्ही मागण्या एकत्र घाला. आई आणि मोठा भाऊ वादी झाले नाहीत तर प्रतिवादी म्हणून सामील करा, नाहीतर आवश्यक पक्षकार नाहीत म्हणून हरकत येईल. तुम्ही एकट्या वादी असाल तर महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात महिलांना मिळणाऱ्या न्यायालयीन शुल्काच्या सवलतीबद्दल वकिलाला विचारा, फ्लॅटच्या किमतीवर ती रक्कम लहान नसते. ठराव मागण्याची मुदत तीन वर्षांची आहे. ती आता नोटीस मिळाल्यापासून मोजायची की मृत्युपत्र आधी कळलं तेव्हापासून, यावर वाद होतो, म्हणून तेवढे दिवस जाऊच देऊ नका. दावा दाखल झाला की त्याची नोटीस, लिस पेंडन्स, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, म्हणजे मधेच घेणारा खरेदीदार "मला माहीत नव्हतं" म्हणू शकणार नाही.

दबावाचा मुद्दा पर्यायी म्हणून घ्यायचा की नाही, हे शेवटी ठरवा. भावाने सांभाळलं, औषधपाणी केलं, त्यामुळे वडिलांचा कल त्याच्याकडे गेला, याला कायदा दबाव म्हणत नाही. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६१ मध्ये येतो तो असा आग्रह किंवा धाक, ज्याने माणसाची स्वतःची इच्छाच उरत नाही. तुम्हाला भेटू दिलं नाही याचे मेसेज, वडिलांचा फोन काढून घेतला होता, "सही नाही केली तर वृद्धाश्रमात ठेवीन" असं म्हटल्याचं ऐकलेली आया किंवा नर्स, असं काही असेल तर तारखेसह लिहा. नसेल तर तो शब्दच दाव्यात नको. त्या घरात रोज असलेली साक्षीदार तुमची आई आहे. तिचं म्हणणं काय, हे वकिलाकडे जाण्याआधी तिच्याकडून, भाऊ समोर नसताना, शांतपणे ऐका. मृत्युपत्र टिकलं आणि वडिलांच्या मालमत्तेतून तिला काहीच मिळालं नाही, तरी त्या मालमत्तेतून पोटगी मागण्याचा तिचा हक्क हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २२ खाली राहतो, तो दाव्यात तिच्यातर्फे वेगळा मांडून ठेवा.